'काइंडली डू द नीडफुल' म्हणजे नेमकं काय करू?

पीएचडीला लागलं की प्रयोग सुरू व्हायच्या आधी मेल सुरू होतात. पीएचडी सेक्शनला मेल, उपकरण केंद्राला मेल, केमिकलवाल्याला मेल, गाइडना मेल, आणि कधीतरी परदेशातल्या एखाद्या लेखकाला मेल. आणि या सगळ्यांच्या शेवटी एकच वाक्य असतं: 'काइंडली डू द नीडफुल'.

या वाक्याला 'जुनाट इंग्रजी' म्हणून हसणारे खूप आहेत. पण ते काही आपल्याकडच्या कुणी चुकून बनवलेलं नाही. एकेकाळी ब्रिटिश इंग्रजीतच ते रूढ होतं. तिकडे ते मागे पडलं, आपल्या सरकारी पत्रव्यवहारात टिकलं. भारतात ते सगळ्यांना समजतं आणि त्यात व्याकरणाची चूकही नाही. त्यामुळे 'हे चुकीचं आहे, म्हणून वापरू नका' असं मी म्हणणार नाही. माझा मुद्दा वेगळा आहे: हे वाक्य जिथे येतं, तिथे बहुतेक वेळा लिहिणाऱ्याने समोरच्याने काय करायचं हे ठरवलेलंच नसतं. म्हणूनच त्याच्या जागी दुसरा छानसा वाक्प्रचार बसवून काम भागत नाही. आधी ठरवावं लागतं, मग लिहावं लागतं.

हे दाखवण्यासाठी आमच्या विभागातल्या एका ज्युनिअरच्या परवानगीने तिचे पाच मेल इथे घेतलेत. ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिचं काम एमसीएम-41 या सच्छिद्र सिलिकावर आहे. इंग्रजी वाक्यं मी मुद्दाम देवनागरीत देतेय. अशी वाचली की ती कानात ऐकू येतात, आणि हे वाक्य कुणी तोंडाने बोलेल का, ते लगेच कळतं.

हे वाक्य मुळात कुठून येतं?

शाळेत आपण अर्ज लिहायला शिकलो, तेव्हा शेवटची ओळ ठरलेली होती: 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती.' 'डू द नीडफुल' हे याचंच इंग्रजी भावंड. कागदी कारभारात या ओळीला खरं काम होतं. अर्ज साहेबांच्या नावे जायचा. साहेब त्यावर शेरा मारून तो संबंधित शाखेकडे पाठवायचे आणि शाखेतला माणूस नियम बघून पुढचं करायचा. अर्जदाराला आतली पद्धत माहीत नसायची. शिवाय साहेबांनी काय करावं हे आपण सांगणं उद्धटपणाचं वाटायचं. म्हणून ती जागा मुद्दाम मोकळी सोडली जायची, आणि मधली माणसं ती भरायची.

मेलमध्ये ही मधली माणसं नसतात. तुमचा मेल थेट त्या माणसाच्या इनबॉक्समध्ये पडतो, ज्याच्या हातून काम व्हायचंय. मोकळी जागा त्यालाच भरावी लागते. मग तो एक तर अंदाजाने भरतो, नाहीतर नंतर बघू म्हणून मेल बाजूला ठेवतो.

अंदाजाने भरलं तर काय होतं

पाचपैकी सगळ्यात महाग पडलेला मेल उपकरण केंद्राला गेलेला होता. त्याचा मजकूर साधारण असा: 'रिस्पेक्टेड सर, आय हॅव सबमिटेड थ्री सॅम्पल्स फॉर एक्सआरडी. काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट.'

ऑपरेटरने काम वेळेत केलं. पावडर नमुन्यांसाठी नेहमी घेतात तसा 20 ते 80 अंश टू-थीटा असा स्कॅन घेतला आणि फाइल पाठवून दिली. पण एमसीएम-41 ची ओळख पटवणारी शिखरं त्या पट्ट्यात नसतातच. तांब्याच्या के-अल्फा किरणांनी बघितलं, तर त्याचं मुख्य शिखर 2 अंशांच्या आसपास येतं आणि पुढची छोटी शिखरं 7 अंशांच्या आत संपतात. 20 च्या पुढे दिसतो तो अस्फटिकी सिलिकाचा एक पसरट फुगवटा. म्हणजे फाइल मिळाली, पण नमुना हवा तसा बनलाय की नाही या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. पुन्हा अर्ज, पुन्हा रांग.

यात ऑपरेटरचं काहीच चुकलं नाही. 'नीडफुल' म्हणजे काय ते त्याला सांगितलंच नव्हतं, म्हणून त्याने नेहमीचं केलं. हाच मेल नव्याने लिहिताना तिने आधी विषयाची ओळ बदलली: 'एक्सआरडी, लो अँगल, 3 पावडर सॅम्पल्स'. आणि मग मजकूर:

'प्लीज रन ऑल थ्री फ्रॉम 1 टू 10 डिग्रीज टू-थीटा. द पीक्स आय नीड आर बिलो 7 डिग्रीज, सो द युज्वल स्कॅन विल नॉट शो देम. इफ द इन्स्ट्रुमेंट कॅनॉट स्टार्ट दॅट लो, प्लीज टेल मी बिफोर रनिंग द सॅम्पल्स.'

शेवटचं वाक्य नीट बघा. इतक्या कमी कोनाला थेट किरण डिटेक्टरवर येण्याचा प्रश्न असतो. त्यामुळे प्रत्येक यंत्र, प्रत्येक स्लिटसह, तिथून सुरुवात करू शकत नाही. 'जमत नसेल तर आधी सांगा' हे लिहिल्यामुळे ऑपरेटरला अंदाज करावा लागत नाही. मधल्या वाक्यात कारण आलंय, त्यामुळे एखादी गोष्ट लिहायची राहून गेली असती, तरी कारणावरून त्याला ती भरता आली असती. आणि 'ॲट द अर्लिएस्ट' गेलं, कारण रांग ठरलेली असते. तिथे त्या शब्दाने काही हलत नाही.

पाच मेल, पाच क्रियापदं

आता उरलेले चार. प्रत्येकात 'नीडफुल' होतंच. तिला मी एकच प्रश्न विचारला: हा मेल वाचून समोरचा माणूस खुर्चीत बसून कोणती एक कृती करणार? तिने मराठीत उत्तर दिलं आणि आम्ही ते कागदावर लिहिलं.

पीएचडी सेक्शनच्या मेलला तिचं पहिलं उत्तर होतं, 'आरएसीची मीटिंग लावावी.' पण सेक्शन मीटिंग लावत नाही. तारीख गाइड आणि समितीचे सदस्य मिळून ठरवतात. सेक्शन फक्त सदस्यांना सूचनापत्र काढतं. म्हणजे खरी कृती 'सूचनापत्र काढणे' ही होती, आणि त्यासाठी आधी तारीख ठरलेली असणं गरजेचं होतं. ती ठरलेलीच नव्हती! मेल तीन दिवस पडून का होता, ते इथे कळलं. तारीख ठरल्यावरचं वाक्य सोपं झालं: 'प्लीज इश्यू द मीटिंग नोटीस टू द आरएसी मेंबर्स फॉर 12 जून, 3 पीएम. माय गाइड्स ॲप्रूव्हल इज अटॅच्ड.'

केमिकलच्या विक्रेत्याला 'काइंडली सेंड द कोटेशन अँड डू द नीडफुल' असं गेलं होतं. इथे क्रियापद होतं, पण कशाचं कोटेशन ते अर्धवट होतं. नुसतं 'सीटॅब' लिहिलं होतं. शुद्धता किती, पॅक किती ग्रॅमचा, यातलं काहीच नव्हतं. नव्या मेलमध्ये पूर्ण नाव, कॅस क्रमांक 57-09-0, 100 ग्रॅमचा पॅक आणि किमान शुद्धता आली. शिवाय कोटेशन संस्थेच्या नावे हवं आणि जीएसटी व वाहतूक खर्च वेगळे दाखवलेले हवेत, हेही आलं. खरेदी विभाग कोटेशन परत पाठवतो ते बहुतेक वेळा अशाच गोष्टींसाठी, म्हणून त्या विक्रेत्याला आधीच कळलेल्या बऱ्या.

गाइडना गेलेला मेल असा होता: 'पीएफए द ड्राफ्ट. काइंडली गो थ्रू द सेम अँड रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट.' यात 'नीडफुल' दोन ओळींनंतर, अगदी शेवटी होतं. मी विचारलं, सरांनी सगळा ड्राफ्ट वाचायला हवाय का? नाही. तिला एकाच गोष्टीची खात्री नव्हती: चौथ्या आकृतीतल्या पुराव्यावर ती जो निष्कर्ष काढतेय, तो काढता येतो का. मग मेल झाला: 'कुड यू प्लीज लुक ॲट पेजेस 6 टू 8 बाय थर्सडे? आय ॲम नॉट शुअर फिगर 4 इज इनफ फॉर द क्लेम ऑन पेज 8.' तीस पानं वाचायची म्हटलं की मेल आठवडाभर मागे राहतो. तीन पानं आणि एक प्रश्न असेल, तर तो दोन लेक्चरच्या मधे वाचून होतो.

पाचवा मेल परदेशातल्या एका लेखकाला जाणार होता, त्यांच्या शोधनिबंधातला मूळ डेटा मागण्यासाठी. तो अजून पाठवला नव्हता, आणि नव्हता तेच बरं. कारण त्यात अडचण फक्त 'नीडफुल'ची नव्हती.

जे शब्द तिकडे वेगळेच वाचले जातात

त्या मेलची सुरुवात होती: 'आय हॅव अ डाउट इन युअर फिगर 3.' आपल्याकडे 'डाउट' म्हणजे प्रश्न. वर्गात 'सर, डाउट आहे' म्हणतो तसा. मराठीतल्या 'शंका'लाही दोन्ही अर्थ आहेत, म्हणून आपल्याला ते खटकत नाही. पण जिथे इंग्रजीत 'डाउट' म्हणजे आधी अविश्वास, तिथला माणूस हे वाक्य 'तुमच्या आकृतीवर माझा विश्वास नाही' असं वाचू शकतो. डेटा मागताना याहून वाईट सुरुवात नसेल.

शेवटी होतं: 'काइंडली रिव्हर्ट विथ द सेम.' आपण 'रिव्हर्ट' म्हणजे 'उत्तर द्या' या अर्थी लिहितो. इतर अनेक ठिकाणी त्याचा पहिला अर्थ 'पूर्वीच्या स्थितीला परत जाणे' असा आहे. कोड लिहिणाऱ्यांना `git revert` माहीत असेलच. आधी केलेला बदल उलटवायचा असतो तेव्हा ती आज्ञा देतात. आता कल्पना करा, सहलेखकाने ट्रॅक चेंजेस लावून ड्राफ्ट पाठवलाय आणि तुम्ही लिहिता 'प्लीज रिव्हर्ट ऑन द ड्राफ्ट'. त्याने उत्तर द्यायचं, की जुनी आवृत्ती परत आणायची? आणि 'द सेम' म्हणजे कोणतं? डेटा, आकृती की उत्तर?

नवा मेल लिहिताना 'डाउट'च्या जागी 'क्वेश्चन' बसवून आम्ही थांबलो नाही. तिला खरं तर प्रश्नही नव्हता, डेटाच हवा होता. म्हणून ती ओळच काढली. उरलं ते एवढं: 'कुड यू शेअर द नायट्रोजन ॲड्सॉर्प्शन डेटा बिहाइंड फिगर 3, ॲज अ टेक्स्ट ऑर सीएसव्ही फाइल? आय वुड लाइक टू कम्पेअर इट विथ माय सॅम्पल्स, अँड आय विल साइट युअर पेपर.' काय हवं, कोणत्या रूपात हवं, कशासाठी हवं. समोरच्या लेखकाला हा मेल आपल्या विद्यार्थ्याकडे जसाच्या तसा फॉरवर्ड करता येतो. अनोळखी माणसाकडून काम होतं ते बऱ्याचदा असंच.

सगळे मेल एकदम शोधायचे, पण एकदम बदलायचे नाहीत

आता स्वतःच्या मेलवर हे करायचं असेल, तर आधी ते सापडायला हवेत. जीमेलच्या शोधपट्टीत हे टाका:

```
in:sent "do the needful"
```

अवतरण चिन्हं ठेवा, म्हणजे पूर्ण वाक्प्रचार शोधला जाईल. गेलेले मेल बदलता येत नाहीत, पण कोणाला लिहिताना हे वाक्य हातून जास्त जातं ते दिसतं. नेहमी लागणारे मसुदे तुम्ही टेक्स्ट फाइलमध्ये ठेवत असाल, तर त्या फोल्डरमध्ये ही आज्ञा चालवा:

```
grep -n -i -E "needful|revert|the same|at the earliest|doubt" *.txt
```

यातल्या `-n` ने ओळीचा क्रमांक दिसतो, `-i` मुळे कॅपिटल-स्मॉल अक्षरांचा फरक पडत नाही, आणि `-E` मुळे उभ्या रेषेने वेगळे केलेले सगळे शब्द एकाच वेळी शोधले जातात.

पण इथेच थांबा. फाइंड अँड रिप्लेस करायचा मोह होईल, तो आवरा. 'डू द नीडफुल'च्या जागी सगळीकडे 'प्लीज टेक द नेसेसरी ॲक्शन' टाकलंत, तर इंग्रजी नवं दिसेल आणि जागा तितकीच रिकामी राहील. वरच्या पाच मेलमध्ये त्या एका वाक्याच्या जागी पाच वेगळी क्रियापदं आली: स्कॅन घेणे, सूचनापत्र काढणे, कोटेशन देणे, तीन पानं वाचणे, डेटा पाठवणे. संगणकाला ती माहीत नाहीत. शिवाय `the same` शोधलं की 'ऑल सॅम्पल्स वर ड्राइड ॲट द सेम टेम्परेचर' असली अगदी योग्य वाक्यंही सापडणार. ती तशीच ठेवायची.

म्हणून प्रत्येक सापडलेल्या ओळीपुढे मराठीत तीन गोष्टी लिहा: कोणी करायचं, काय करायचं, कधीपर्यंत. मराठीत लिहायचं कारण म्हणजे मातृभाषेत मोघम लिहिलं की ते आपल्यालाच लगेच दिसतं. 'योग्य ते करावं' असं लिहून तुम्ही पुढे जाऊच शकणार नाही. तिन्ही रकाने भरले की इंग्रजी वाक्य जवळजवळ आपोआप तयार होतं. 'काय' हा रकाना भरत नसेल, तर अडचण इंग्रजीची नाही. आरएसीच्या मेलसारखं आधीचं एखादं काम राहिलेलं आहे.

वाक्य जमलं की नाही याची परीक्षा सोपी आहे. मेलमधलं फक्त ते एक वाक्य शेजारच्या टेबलावरच्या मित्राला वाचून दाखवा आणि विचारा, 'तू काय करशील?' त्याचं उत्तर आणि तुमच्या रकान्यातलं उत्तर सारखं आलं, तर मेल पाठवा.

'पण सरांना असं थेट लिहायचं?'

हा प्रश्न तिनेही विचारला, आणि तो खरा आहे. आदर दाखवायला आपण 'काइंडली', 'रिस्पेक्टेड', 'फॉर युअर काइंड पेरुजल' यांचा आधार घेतो. पण नुसतं 'काइंडली सेंड' हे अनेक ठिकाणी सौम्य विनंतीपेक्षा सूचनेसारखं वाचलं जातं, आणि 'यू आर रिक्वेस्टेड टू' तर कार्यालयाने लावलेल्या नोटिशीसारखं. आदर दुसरीकडून आणता येतो. 'कुड यू प्लीज' एकदा लिहा. कारण सांगा. वेळ मागताना समोरच्याला सुटायला जागा ठेवा: 'इफ धिस वीक इज डिफिकल्ट, मंडे इज ऑल्सो फाइन.' तीस पानांऐवजी तीन पानं वाचायला देणं हाही आदरच आहे. संबोधनात 'डिअर सर' किंवा 'रिस्पेक्टेड मॅडम' तुमच्या विभागात चालत असेल, तर खुशाल ठेवा. त्याने कामात काही अडत नाही.

कुठे हात लावायचा नाही

काही ठरलेली वाक्यं मोघम दिसतात, पण मोघम नसतात. टिपणीवरचं 'सबमिटेड फॉर ॲप्रूव्हल प्लीज' म्हणजे फाइल मंजुरीच्या सहीसाठी आलीय. अर्जावरचं 'थ्रू प्रॉपर चॅनल' म्हणजे तो विभागप्रमुखांमार्फत आलाय. हे शब्द कार्यालयात कामाचे आहेत, ते बघून कागद पुढे सरकतो. ते 'सुधारायला' गेलात, तर फाइल परत येईल.

आणि कधीकधी काय करायला हवं हे आपल्याला खरंच माहीत नसतं. फेलोशिप दोन महिने आलेली नाही आणि ती नेमकी कुठे अडकलीय ते कळत नाही. 'डू द नीडफुल' लिहायचा सगळ्यात जास्त मोह इथे होतो. त्याऐवजी जे माहीत आहे ते आणि जे माहीत नाही ते, दोन्ही लिहा: 'आय हॅव नॉट रिसीव्हड द फेलोशिप फॉर एप्रिल अँड मे. माय अटेंडन्स वॉज सबमिटेड ऑन टाइम. कुड यू टेल मी व्हेअर इट इज पेंडिंग, अँड व्हेदर यू नीड एनीथिंग फ्रॉम मी?' इथे मागणी पैशाची नाही, माहितीची आहे, आणि ती पूर्ण करणं त्या टेबलावरच्या माणसाच्या हातात आहे. तो एका ओळीत उत्तर देऊ शकतो. ते आलं, की पुढच्या मेलमध्ये कोणतं क्रियापद लिहायचं ते तुम्हाला कळेल.